रेग्युलेशन काढताना उन्हाळा विसरू नकोस

ट्रान्सफॉर्मरचं रेग्युलेशन, म्हणजे लोड आल्यावर आउटपुट व्होल्टेज किती टक्के घसरतं ते, काढायला शॉर्ट सर्किट टेस्ट पुरते. ओपन सर्किट टेस्टमधून कोअर लॉस आणि मॅग्नेटायझिंग इंडक्टन्स मिळतात. ती मॅग्नेटायझिंग शाखा समांतर असल्याने व्होल्टेज ड्रॉपमध्ये जवळपास येतच नाही.

समज, 2 केव्हीए, 230/115 व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर आहे. 115 ची बाजू जाड, आखूड वायरने शॉर्ट कर. 230 च्या बाजूचा व्हेरिॲक शून्यावरून हळूहळू वाढव आणि 2000/230, म्हणजे 8.7 अँपिअर या फुल लोड करंटला थांब. घाईत पूर्ण व्होल्टेज दिलंस तर वाइंडिंग गेलंच म्हणून समज. रीडिंग आलं 12 व्होल्ट, 75 वॅट:

```
R = 75/8.7² = 0.99 Ω
Z = 12/8.7 = 1.38 Ω
X = √(Z² − R²) = 0.96 Ω
L = X/314 = 3.06 mH
```

हा L म्हणजे दोन्ही वाइंडिंगचा लीकेज इंडक्टन्स, 230 च्या बाजूने पाहिलेला. 0.8 लॅगिंग पॉवर फॅक्टरला रेग्युलेशन `8.7(0.8R + 0.6X)/230`, म्हणजे 5.2 टक्के.

पण हा R टेस्टच्या वेळच्या तांब्याचा. मे महिन्यात नागपूरच्या लॅबमध्ये थंड वाइंडिंगच 40 अंशांवर असतं, जानेवारीत बरंच खाली. म्हणून R नेहमी 75 अंशांवर आण: तांब्यासाठी दोन्ही तापमानांत 235 मिळव; टेस्ट 40 अंशांवर झाली असेल तर 310/275 ने गुणलं की 1.12 ओहम. X ला हात लावू नकोस, तो तापमानाने बदलत नाही. आता रेग्युलेशन 5.6 टक्के.