स्टेटस ठेवून घेण्याआधी एक मेसेज

प्रश्न: व्हॉट्सॲपवरचं कोणाचं स्टेटस आणि आपल्याला आलेले व्हॉइस नोट फोनमध्ये कायमचे कसे सेव्ह करायचे? आणि समोरच्याला कळतच नाही, तर त्याला विचारायची खरंच गरज आहे का?

उत्तर:

कळत नाही, हे खरं आहे. स्टेटस कोणी कोणी पाहिलं याची यादी टाकणाऱ्याला दिसते, पण सेव्ह कोणी केलं किंवा स्क्रीनशॉट कोणी काढला याची सूचना त्याला जात नाही. माझं नागपुरात सक्करदऱ्याला मोबाईल दुरुस्तीचं छोटं दुकान आहे. दर आठवड्याला कोणी ना कोणी हेच विचारायला येतं, आणि बहुतेक वेळा २४ तास उलटून गेल्यावर येतं. तोवर स्टेटसही गेलेलं असतं आणि माझ्या हातातलंही.

आधी कसं करायचं ते सांगतो. हे अँड्रॉइडचं आहे. आयफोनवर ही फाइल हाताला लागत नाही. तिथे स्क्रीन रेकॉर्ड करा किंवा मागून घ्या.

तुम्ही एखादं स्टेटस उघडून पाहता तेव्हा त्याची फाइल तुमच्या फोनमध्ये आधीच उतरलेली असते. फक्त ती लपवलेल्या फोल्डरमध्ये असते, म्हणून गॅलरीत दिसत नाही. अँड्रॉइड ११ पासून तिचा पत्ता असा:

```
Android/media/com.whatsapp/WhatsApp/Media/.Statuses
```

नावाआधीचा तो टिंब आहे ना, त्यानेच फोल्डर लपतं. गूगलचं `Files` ॲप उघडा, सेटिंगमध्ये `Show hidden files` चालू करा आणि वरच्या पत्त्याने आत जा. हवी ती क्लिप दाबून धरा आणि `Download` किंवा `Movies` मध्ये कॉपी करा. काम झालं. बिझनेसवालं व्हॉट्सॲप असेल तर `com.whatsapp` च्या जागी `com.whatsapp.w4b` आणि त्याच्या आतल्या `WhatsApp` च्या जागी `WhatsApp Business` असं दिसेल, बाकी वाट तीच.

फोल्डर रिकामं दिसलं तर कारण साधं असतं. एक तर स्टेटस पूर्ण उतरेपर्यंत उघडलेलंच नसतं, नाहीतर २४ तास होऊन गेलेले असतात. एकाच फोनवर दोन व्हॉट्सॲप चालवत असाल तर दुसऱ्याचं फोल्डर वेगळ्या जागी असतं, तेही लक्षात ठेवा. स्टेटस सेव्ह करून देणारी वेगळी ॲप मिळतात. ती ॲप याच फोल्डरमधून कॉपी करून देतात आणि त्याबदल्यात जाहिराती दाखवतात. जे काम दोन मिनिटांत हाताने होतं त्यासाठी परक्या ॲपला आपल्या फाइलींची परवानगी द्यावी, असं मला वाटत नाही. आणि व्हॉट्सॲपच्याच नावाने फिरणारी, सेव्हचं बटण लावलेली नकली आवृत्ती तर टाकूच नका. त्यावरून खातं बंद पडल्यावर रडत आलेले लोक मी पाहिलेत.

आता विचारण्याबद्दल. हे मी शहाणपणाने नाही, माती खाऊन शिकलो.

आमच्या बिल्डिंगमध्ये एक वहिनी राहतात. तान्ह्या पोळ्याला त्यांच्या चार वर्षांच्या पोराने धोतर-फेटा घालून लाकडी नंदी ओढला, घरोघरी बोजारा मागितला. इतकं गोड ध्यान होतं ते! वहिनींनी क्लिप स्टेटसला टाकली. मी ती वर सांगितली तशी काढून घेतली आणि आपण फार प्रेमाचं काम करून राहिलो अशा थाटात बिल्डिंगच्या ग्रुपवर टाकली. ग्रुपवरच्या एका काकूंचं माहेर काटोलचं. त्यांनी ती तिकडे पाठवली, आणि संध्याकाळपर्यंत क्लिप वहिनींच्या सासूबाईंच्या फोनवर पोचली. त्याही काटोलच्याच. वहिनींनी सासरी सांगितलं होतं, की पोराला ताप आहे म्हणून सणाला येत नाही.

पुढे त्या घरात काय झालं ते मी इथे सांगत नाही. मुद्दा असा, की वहिनींनी ते स्टेटस सगळ्यांसाठी टाकलंच नव्हतं. स्टेटसच्या प्रायव्हसीत तीन पर्याय असतात: सगळे कॉन्टॅक्ट, काहींना वगळून बाकीचे, किंवा फक्त निवडलेले. त्यांनी सासरचे पाच-सहा नंबर वगळले होते. आपल्याला मात्र ते स्टेटस इतर स्टेटससारखंच दिसतं. टाकणाऱ्याने कोणाला वगळलंय हे आपल्याला कळायची सोय नाही. फाइल कॉपी केली की ती यादी मागेच राहते, आणि ते २४ तासही मागेच राहतात. तुमच्या `Download` मध्ये पडलेल्या क्लिपला ना प्रेक्षकांची मर्यादा, ना वेळेची. टाकणाऱ्याने स्वतःचं स्टेटस पुसलं तरी तुमची कॉपी तशीच राहते.

वहिनी मला रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "भाऊ, एकदा विचारलं असतं तर मी सांगितलं असतं ना." हे रागावण्यापेक्षा जास्त लागलं. आणि त्या मी विचारलं असतं तर क्लिप नक्कीच देणार होत्या, फक्त ग्रुपवर टाकू नका म्हणाल्या असत्या.

विचारण्याचा एक रोकडा फायदाही आहे, तो लोकांच्या ध्यानात येत नाही. स्टेटसला टाकताना व्हिडिओ दाबून लहान केला जातो. तुम्ही फोल्डरमधून काढता ती हीच दाबलेली प्रत. फोनच्या स्क्रीनवर ती बरी दिसते, टीव्हीवर लावली की चेहरे पुसट होतात. मूळ क्लिप टाकणाऱ्याच्या गॅलरीत असते. त्याला म्हणायचं, की ती डॉक्युमेंट म्हणून पाठव. पिन दाबून `Document` निवडून पाठवलं की फाइल न दाबता, जशीच्या तशी येते. लग्नाची, बारशाची, आजोबांच्या पंचाहत्तरीची क्लिप जपून ठेवायची असेल तर चोरून घेतलेल्या प्रतीपेक्षा मागून घेतलेली केव्हाही चांगली.

व्हॉइस नोटचं तंत्र त्याहून सोपं. चॅटमध्ये नोट दाबून धरा, मेनूतून `Share` घ्या आणि ड्राइव्हवर टाका. फोल्डरमधून हवी असेल तर ती इथे असते:

```
Android/media/com.whatsapp/WhatsApp/Media/WhatsApp Voice Notes
```

आत `202433` अशा नावांची फोल्डरं दिसतील. म्हणजे वर्ष २०२४, आठवडा ३३वा. त्यात फाइलचं नाव `PTT-20240815-WA0003.opus` असं असतं. मधला आकडा म्हणजे तारीख, १५ ऑगस्ट २०२४. नोट कोणाची आहे हे नावावरून कळत नाही, आणि तुम्ही पाठवलेल्या नोटही तिथेच पडलेल्या असतात. म्हणून चॅटमध्ये तारीख बघायची, त्या आठवड्याचं फोल्डर उघडायचं, ऐकून खात्री करायची आणि कॉपी केल्यावर लगेच नाव बदलायचं. नाव बदला, शेवटचं `.opus` मात्र तसंच ठेवा. काही गाण्यांच्या ॲपला ही फाइल वाजवता येत नाही, म्हणून लोक शेपटी बदलून `.mp3` करतात. त्याने आतला आवाज बदलत नाही, नुसता घोळ वाढतो. `VLC` टाका, वाजते.

एक गोष्ट जमणार नाही. एकदाच ऐकता येईल अशी पाठवलेली नोट, जिच्यावर १ चं चिन्ह असतं, ती सेव्हही होत नाही आणि पुढेही पाठवता येत नाही. स्पीकरवर लावून दुसऱ्या फोनने रेकॉर्ड करून द्या, असं सांगणारं गिऱ्हाईक माझ्याकडे आलंय. मी केलं नाही. पाठवणाऱ्याने नको म्हटल्यावर आपण कायले मध्ये पडायचं?

आपोआप गायब होणाऱ्या मेसेजमध्ये तर विचारण्याची ही रीत ॲपमध्येच घातलेली आहे. २०२३ पासून असा मेसेज दाबून धरून ठेवून घेता येतो, पण तसं केलं की पाठवणाऱ्याला सूचना जाते आणि त्याला ते रद्द करता येतं. त्याने रद्द केलं की मेसेज ठरल्या वेळी जातोच. साध्या व्हॉइस नोटला अशी सोय नाही, तिथे सूचना द्यायचं काम आपलं.

माझी मावशी नागपूरच्याच महाल भागात राहते. लिहायचा कंटाळा, म्हणून सगळं बोलून पाठवते. आई गेल्यावर मी तिच्याकडून एकेक पदार्थ विचारत गेलो: गोळाभात, पाटवडीचा रस्सा, भरडा भात, पुरणपोळी. तिने सवडीने अकरा नोट पाठवल्या. फोन बदलायचा होता, म्हणून त्या वेगळ्या काढून ठेवायचं ठरवलं. तान्ह्या पोळ्याचा धडा ताजा होता, म्हणून आधी तिला मेसेज टाकला: "मावशी, तुझ्या रेसिपीच्या नोट माझ्याजवळ कायमच्या ठेवू का? ऐकणार फक्त मी आणि तुझी सून. बाकी कोणाला पाठवणार नाही."

तुम्हीही असंच लिहा: काय ठेवणार, कोण ऐकणार, पुढे जाणार की नाही. नुसतं "सेव्ह करू का" म्हटलं तर समोरचा सवयीने हो म्हणतो आणि नेमकं कशाला हो म्हटलं ते त्यालाच ठाऊक नसतं. क्लिपमध्ये दुसऱ्याचं पोर असेल तर त्याच्या आईबापालाही विचारा, टाकणारा मामा असला तरी.

मावशीचा फोनच आला. "दहा ठेव. तो पुरणपोळीवाला नको ठेवू, त्यात मी तुझ्या मामीबद्दल बोलली." मी परत ऐकलं. कणीक मळून होईपर्यंत पुरणपोळी होती, पुढची चार मिनिटं मामी. पहिल्यांदा ऐकताना मी मीठ-हळदीकडे लक्ष देत होतो, हे माझ्या कानावरूनच गेलं होतं. तिच्यासमोरच ती नोट पुसली. दुसऱ्या दिवशी तिने पुरणपोळी नव्याने सांगून पाठवली, आणि ह्या वेळी पुरण पातळ झालं तर काय करायचं तेही सांगितलं, जे मामीच्या नादात पहिल्या वेळी राहून गेलं होतं.