श्यामची त्या रात्रीची रोजनिशी

‘श्यामची आई’मधल्या पोहण्याच्या प्रसंगावर श्यामच्या भूमिकेतून रोजनिशी कशी लिहावी?

मूळ पुस्तकात मोठा झालेला श्याम आठवण सांगतो, परंतु रोजनिशी त्याच रात्री लिहिली जाते. म्हणून आईच्या कठोरपणाविषयीची त्याची नंतरची कृतज्ञता त्या पानावर येता कामा नये, आणि बहुतेक उत्तरे नेमकी इथेच फसतात. उदाहरणार्थ:

‘माळ्यावर लपलो, तरी आईने शोधलेच. वळ अजून चुरचुरतात. मला कोणी भित्रा म्हटलेले तिला सहन होत नाही म्हणे. पण त्यासाठी एवढे मारायचे? विहिरीत उडी मात्र मारली.’

शेवटच्या वाक्यातला अभिमान श्यामने स्वतः ओळखलेला नाही, तो वाचकाला दिसतो. ‘मला अभिमान वाटला’ असे लिहिले, तर बोलणारा श्याम न राहता परीक्षार्थी होतो.