‘302 बघतात’ म्हणजे नेमकं कोण?

नव्या सेक्रेटरीबाई,

कमिटीच्या सभेतल्या टिपणांचा फोटो मिळाला. 11 मेच्या पानावरची ही ओळ पाहा: ‘गच्ची गळती – 3 कोटे. – 302 बघतात – पावसाआधी – 42 ओके.’ सभेत इतकंच लिहून होतं, त्यात काही वावगं नाही. पण ही ओळ ‘गच्चीच्या गळतीबाबत चर्चा होऊन योग्य ती कार्यवाही करण्याचे ठरले’ अशी सजवून इतिवृत्तात उतरवलीस, तर होती तेवढीही माहिती जाईल. त्यापेक्षा तुझं टिपण बरं.

त्या ओळीतला एकेक तुकडा सोडव. ‘302 बघतात’ घे. सोसायटीत आपण माणसांना फ्लॅटच्या नंबरानेच ओळखतो, पण 302 मध्ये नवरा-बायको दोघंही मालक आहेत आणि कमिटीवर फक्त बाई आहेत. तेव्हा त्यांचंच नाव लिही. आणि ‘बघतात’ म्हणजे काय करतात? कोटेशन मागवणार, की कंत्राटदार ठरवून काम करून घेणार? ही दोन वेगळी कामं आहेत. तुझ्या ओळीवरून कळत नाही, म्हणून त्याच संध्याकाळी फोन करून विचार. आठवड्याने विचारलंस तर प्रत्येकाला आपल्या सोयीचंच आठवतं.

‘पावसाआधी’ ही तारीख नव्हे. कोणाच्या डोक्यात मृग असतो, म्हणजे 7 जून. कोणाच्या डोक्यात पहिली जोराची सर. गच्चीचं काम कोरड्या दिवसांत उरकावं लागतं. वर, झाल्यावर पाणी भरून एक-दोन दिवस ठेवून गळती तपासायची असते. ते दिवस मागे मोजले तर काम मेअखेर संपायला हवं आणि कोटेशन 18 मेपर्यंत हातात हवीत. हा हिशेब तू जरूर कर, पण तारीख स्वतःच्या मनाने इतिवृत्तात घालू नकोस. 302 वाल्या बाईंना आणि अध्यक्षांना विचार. त्यांनी होकार दिला, तरी ‘सभेनंतर कळवलेली तारीख’ असं स्पष्ट लिही, कारण सभेने ती ठरवली नव्हती.

आता सगळ्यात नाजूक तुकडा: ‘42 ओके’. खजिनदारांना विचारलंस तेव्हा ते म्हणाले, 42,000 ही खर्चाची कमाल मर्यादा. बरं झालं विचारलंस. मी वाचलं तेव्हा मला ते एका कंत्राटदाराचं कोटेशन वाटलं होतं. पण ही मर्यादा जीएसटी धरून की सोडून? 18 टक्के वर लागले तर आकडा 49,560 होतो. यावर सभेत कोणी बोललंच नव्हतं, तर तसंच लिहावं लागेल. सभेने मोकळा सोडलेला प्रश्न लिहिणाऱ्याने मिटवायचा नसतो. पैसे कोणत्या निधीतून, हेही विचार. दुरुस्ती निधी आणि सिंकिंग फंड एकच समजून चालत नाही.

विचारल्यावर उत्तरं अशी आली असं धरून, मी लिहिलं असतं तर असं:

‘विषय 3: गच्चीची गळती. निर्णय: वॉटरप्रूफिंगसाठी तीन कोटेशन मागवावीत. खर्चाची कमाल मर्यादा 42,000 रुपये, दुरुस्ती निधीतून. मर्यादा जीएसटीसह की जीएसटीशिवाय, हे सभेत ठरले नाही. पुढील सभेत ठरवावे. जबाबदारी: (302 मधील सदस्यांचे पूर्ण नाव), कोटेशन मागवून कमिटीसमोर ठेवणे. मुदत: 18 मे (सभेनंतर कळवलेली तारीख).’

सूचक आणि अनुमोदक त्याखाली. कोण काय म्हणालं, कोणाचा आवाज चढला, यातलं काही नको. अपवाद विरोधाचा. पार्किंगच्या विषयात तू नुसतं ‘501 नाही’ लिहिलंयस. निर्णयाची जबाबदारी कमिटीच्या सगळ्या सदस्यांवर मिळून येते, त्यामुळे ज्याने विरोध केला त्याचं नाव आणि कशाला विरोध, हे एका वाक्यात नोंदव. पुढे वाद झाला तर ते पान त्यांच्या उपयोगी पडेल. लिफ्टच्या देखभाल कराराचा विषय पुढे ढकलला गेला, तर ‘निर्णय नाही, पुढील सभेत’ एवढंच पुरे.

कधी जबाबदारीच्या जागी लिहायला नावच सापडणार नाही. सगळे ‘करू या’ म्हणाले, पण कोणी अंगावर घेतलं नाही. अशा वेळी मोठ्या मनाने स्वतःचं नाव घालू नकोस (नवे सेक्रेटरी हमखास घालतात). ‘जबाबदारी ठरली नाही’ असं लिहून मसुदा अध्यक्षांकडे पाठव. ती ओळ वाचून फोन येतोच.

मसुदा दोन दिवसांत सगळ्यांना पाठव आणि आलेल्या दुरुस्त्या त्यातच कर. एकदा पुढच्या सभेत इतिवृत्त कायम झालं की मग मात्र वहीत खाडाखोड नाही. चूक सापडली, तर तिची दुरुस्ती त्यापुढच्या सभेच्या इतिवृत्तात, वेगळा विषय म्हणून.

पार्किंगचा मसुदा झाला की पाठव, 501 चं वाक्य पाहायचं आहे.

तुझे,
माजी सेक्रेटरी