जुना नकाशा वाचायचा तर आधी मोजमाप बघा

नवीन असाल तर जंबुद्वीपाचा जैन पट आणि गावचा जुना जमीन-नकाशा शेजारी ठेवा. पटात मधोमध मेरू, भोवती लवणसमुद्र, व्यास एक लाख योजने. त्यावरून वाट शोधू नका; तो विश्वातली माणसाची जागा दाखवतो.

गावच्या नकाशामागे मात्र मोजणीची साखळी आहे. मुंबई इलाख्यात 1830च्या दशकात इंदापूरपासून नवी महसुली मोजणी सुरू झाली. साखळी 33 फुटांची, तिचे 16 भाग, त्यांना आणे म्हणत. एक साखळी लांब-रुंद म्हणजे गुंठा, 40 गुंठ्यांचा एकर. शेतात आधी सरळ रेषा टाकायची, मग तिच्यापासून बांधाच्या प्रत्येक वळणापर्यंत काटकोनात अंतर घ्यायचं.

चूक कुठे होते? वापरून साखळी ताणते. ती इंचभर वाढली तर 10 एकरांचं शेत कागदावर साधारण दोन गुंठे कमी भरतं. म्हणजे तोटा सरकारचा, म्हणून साखळी वरचेवर तपासावी लागे!

नकाशात काय ठळक आहे ते बघा: सर्व्हे नंबर आणि हद्दीच्या खुणा. कारण शेतसारा प्रत्येक नंबरावर बसवायचा होता. शेतात कोण राबतं, हे मात्र त्यात शोधूनही सापडणार नाही.