उरलेलं कुणाचं?

प्रिय मुला,

तुझा मेसेज वाचला. तुझ्या तेलात त्यांचं भडंग काढून दोघांनी मिळून विकायचं, अशी चार पानी पीडीएफ भडंगवाल्या ताईंना पाठवून आठ दिवस झाले, निळ्या टिका आल्या, उत्तर नाही. तू विचारतोस, 'काका, त्यांना आपल्या लाकडी घाण्याच्या तेलाची किंमत कळत नाही का?' पीडीएफ मी दोनदा वाचली. अरे, त्यांना कळतं. तुलाच कळलेलं नाही. जयसिंगपुरात भडंग करून घर चालवणाऱ्या बाईला तेलातलं तू काय सांगणार? आणि 'सिनर्जी' हा शब्द तीन वेळा लिहिलायस. तो वाचून त्यांनी फोन उपडा ठेवला असेल, मीही ठेवला असता.

पण माझा खरा राग त्या शब्दावर नाही. चार पानांत दोघांचं मिळून नाव आहे, लोगो आहे, दिवाळीचा गिफ्ट बॉक्स आहे, पुण्यातली दुकानं आहेत. एक ओळ नाही: विकलं गेलं नाही, तर उरलेलं कुणाचं?

हा प्रश्न मी तुला या पत्रात परत परत विचारणार आहे. कंटाळलास तरी वाच.

२००९ साली माझा मसाला कांडायचा डंख चालू होता. आंब्याचं लोणचं करणारा एक मित्र होता, त्याच्या हाताला चव होती. मी म्हटलं, मसाला माझा, लोणचं तुझं, पाकिटावर दोघांची नावं. चहाच्या टपरीवर ठरलं आणि त्याच आठवड्यात ५,००० लेबलं छापून आणली. मे महिन्यात ३०० किलो लोणचं घातलं, दुकानांत उधारीवर ठेवलं. पाऊस सुरू झाला आणि पाकिटांच्या शिवणीतून तेल पाझरायला लागलं. दुकानदारांनी ११० किलो माल परत पाठवला. तो म्हणाला, तुझ्या मसाल्याला तेल जास्त सुटलं. मी म्हणालो, तुझं सीलिंग कच्चं. ११० किलो माल माझ्या ओसरीवर पडून होता आणि आम्ही दोघं त्याच्याकडे बघत उभे. तो कुणाचा, हे कुणालाच माहीत नव्हतं, कारण कुणी विचारलंच नव्हतं.

सीलिंग कच्चंच होतं, हे मी आजही सांगेन. पण ते सिद्ध करून मला काय मिळालं? लेबलांचा गठ्ठा माळ्यावर आहे. मित्र मागच्या वर्षी एका लग्नात दिसला, आम्ही दोघांनी जिलबीकडे बघितलं.

असो. आता तुझं काम.

आधी त्यांच्या बाजूने हिशेब मांड, तुझ्या नाही. तू १५ किलो दाण्यांचा एक घाणा काढतोस, त्यातून साधारण सहा किलो तेल पडतं, बाकी पेंड. तुझा दर किलोला ३२० रुपये. त्या वापरतात ते रिफाइंड १६० च्या आसपास. त्यांच्या पद्धतीने पाच किलो भडंगाला एक किलो तेल लागतं आणि त्याच्या पाव किलोच्या २० पुड्या होतात. म्हणजे तुझं तेल घेतलं की २० पुड्यांमागे १६० रुपये जास्त, पुडीमागे आठ. ८० रुपयांच्या पुडीत आठ रुपये! हे तुझ्या पीडीएफमध्ये कुठेच नाही, पण वाचताना त्यांनी मनातल्या मनात हेच गणित केलेलं असणार. समोरच्याचा तोटा आपण आधी बोलून दाखवला नाही, तर तो दाखवत नाही, नुसता गप्प बसतो. तुझे आठ दिवस त्यात गेले.

आणि दर सांगताना किलोतच सांग. तुझ्या काउंटरवर लिटरची बाटली असते, त्यांचा डबा किलोवर येतो. लिटरभर शेंगदाणा तेल भरतं साधारण ९१० ग्रॅम. लिटरचा भाव सांगून गेलास आणि त्यांनी घरी वजन केलं, तर पहिल्याच दिवशी तू लबाड ठरशील. लबाडी केली नसताना ठरशील, ते जास्त वाईट.

मग त्यांनी का यावं? तुझ्याकडे काय आहे, ते नीट बघ. तुझ्या घाण्यावर शनिवारी जी माणसं रांग लावून तेल नेतात, ती तेलासाठी दुप्पट पैसे द्यायला आधीच तयार आहेत. असं गिऱ्हाईक ताईंकडे नाही. त्यांचं भडंग बसस्टँडवर आणि किराणा दुकानात विकलं जातं, तिथे ८० चे ९० झाले की माणूस शेजारची पुडी उचलतो. तू आणतोस ते तेल आणि ही रांग. त्या आणतात ते हात, भट्टी, पॅकिंग आणि पुडीवरचा एफएसएसएआयचा नंबर. बस, एवढंच. तुझं इंजिनीअरिंग, इन्स्टाग्राम, गिफ्ट बॉक्सचं डिझाइन यातलं काही अजून 'आणलेलं' नाही.

एक गोष्ट तुला आवडणार नाही. घाण्याचं तेल भडंगाला चालेलच असं नाही. घाण्यात दाणे फिरताना पाण्याचा हबका मारतोस ना, ते पाणी आणि गाळ तेलात राहिला तर फोडणीला फेस येतो, तळाला गाळ करपतो आणि चुरमुऱ्याला जळका वास लागतो. ओल राहिली तर भडंग लवकर सादळतं, पुढे खवट होतं. त्यामुळे चार दिवस निवलेलं, वरचंच तेल गाळून ने. नेण्याआधी घरी कढईत दोन पळ्या तापवून बघ. तडतडलं किंवा फेस धरला, तर ते तेल न्यायचं नाही, अजून दोन दिवस थांबायचं. शिवाय शेंगदाण्याचा तो खमंग वास, ज्याचा तुला एवढा अभिमान आहे, तो लसणाच्या आड येऊ शकतो. येईल की नाही, ते तुला ठाऊक नाही आणि मलाही नाही. त्या पाच किलो करून बघतील तेव्हा कळेल.

म्हणून पहिलं पाऊल पाच किलोचं. वीस पुड्या. पन्नास किलो नाही, दिवाळी नाही, पुणं तर नाहीच.

हे मी घाबरट आहे म्हणून सांगत नाही, तुझी काकू तसं म्हणते ते सोड. तुझ्या घाण्याचीच क्षमता बघ. दिवसाला फार तर चार घाणे, म्हणजे २४ किलो तेल. ताई रोज ४० किलो भडंग करत असतील तर त्यांना रोज आठ किलो तेल लागेल. तुझ्या तेलाचा तिसरा हिस्सा त्यांच्याकडे गेला, तर दिवाळीच्या तोंडावर तुझ्या रांगेतल्या गिऱ्हाइकाला काय देणार? आज 'सगळं तेल मी पुरवतो' म्हणशील, ऑक्टोबरात डबा कमी पडेल, त्या बिचाऱ्या रिफाइंड मिसळतील, आणि पुडीवर छापलेलं असेल 'लाकडी घाण्याच्या तेलातलं'. मग खोटं कुणाचं?

आता ती पीडीएफ विसर आणि हे लिही. एका कागदावर, हाताने:

'ताई, नमस्कार. एक किलो घाण्याचं तेल आणलंय, त्याचे पैसे नकोत. सवडीने यात पाच किलो भडंग करून बघाल का? माझं तेल तुम्हाला पुडीमागे आठ रुपये महाग पडतं, हे मला माहीत आहे. म्हणून या २० पुड्या तुमच्या दुकान-दराने, ६८ रुपयांनी, मीच रोख घेतो. माझ्या काउंटरवर ९० ला ठेवतो. विकल्या नाहीत तर उरलेल्या माझ्या, परत आणणार नाही. नाव तुमचंच राहू दे. भडंग तुमच्या मनासारखं झालं नाही तर पुड्या भरूच नका, तेल वाया गेलं तरी माझंच. चार शनिवारांनी येऊन काय विकलं, काय उरलं ते सांगतो. पुढचं तेव्हा बोलू.'

बघ, उरलेलं कुणाचं ते आलं. विचारणारा तू आहेस, म्हणून पहिल्या खेपेला उरलेलं तुझं. दुसऱ्या खेपेला निम्मं-निम्मं कर, तिसऱ्याला वाटलं तर त्यांच्यावर टाक, पण दर वेळी आधी लिही. लोक म्हणतात, आपल्या माणसांत कागद कशाला? मी म्हणतो, माणूस आपला राहावा म्हणून. माझ्याकडे २००९ मध्ये असा एक कागद असता तर... जाऊ दे, सीलिंग कच्चंच होतं.

हिशेब तुझ्यापुरता सांगतो. तेल ३२०, पुड्या १,३६०, एकूण १,६८०. सगळंच फसलं तर जास्तीत जास्त एवढं जाईल, आणि घरी महिनाभर भडंग. वीसातल्या दोन पुड्या विकू नकोस. एक तुझ्याकडे, एक ताईंकडे, महिनाभर न उघडता ठेवायची, मग दोघांनी एकाच दिवशी फोडायची. मऊ पडलंय का, खवट वास येतोय का, ते त्यांचं नाक सांगेल. उरलेल्या १८ विकल्या तर हाती १,६२० येतील. म्हणजे सगळं जमलं तरी ६० रुपये तुझ्या खिशातून गेले. हसू नकोस. माझ्या ११० किलोपेक्षा ते स्वस्त आहे.

आणि पुडीवर छापील किंमत ९० च हवी. ८० छापलेली पुडी ९० ला विकायची नाही, वर स्टिकर चिकटवून तर नाहीच. त्या २० पुड्यांपुरतं साधं लेबल त्यांना वेगळं काढायला सांग, खर्च तू दे, तो वरच्या हिशेबात धरलेला नाही. घटकांत तेलाचं नाव बदलायला विसरू नका. तारीख आणि नंबर त्यांचे नेहमीप्रमाणे. तुझा लोगो नको म्हणजे नको. तुझं नाव पुडीवर कधी यायचं, ते त्यांना सुचू दे.

कागद व्हॉट्सॲपवर पाठवू नकोस, घेऊन जा. सकाळी जाऊ नकोस, भट्टी पेटलेली असते आणि हात मिरचीचे असतात. तीननंतर जा. आत बोलावलं तर बस, नाही बोलावलं तर दारातच कागद आणि तेल देऊन ये. 'विचार करून सांगते' म्हणाल्या तर पुढच्या मंगळवारपर्यंत फोन करू नकोस. नाही म्हणाल्या तर ते तेल परत मागू नकोस.

तेल स्टीलच्या किटलीतून ने. आणि किटली तिथेच ठेवायची की रिकामी करून परत आणायची, तेही निघताना विचारून घे.

तुझा,
काका