मैत्रिणीचं नाव यादीत आलं, माझं नाही. अभिनंदन कसं करू?

प्रश्न : आम्ही दोघींनी चार वर्षं एकत्र एमपीएससीचा अभ्यास केला. काल निकाल लागला, तिची निवड झाली, मी राहिले. तिचं अभिनंदन मनापासून करायचं आहे, पण जे लिहितेय ते मलाच खोटं वाटतंय. काय लिहू?

उत्तर :

राज्यसेवेची मुख्य परीक्षा अजून पर्यायी प्रश्नांची होती तेव्हाची ही गोष्ट. मुख्यला ८०० गुण, मुलाखतीला १००. सदाशिव पेठेत एका खोलीत आम्ही चौघी कॉट बेसिसवर राहायचो. त्यातल्या दोघी मुलाखतीपर्यंत पोचलो, मी आणि जत तालुक्यातली माझी रूममेट. निकाल संध्याकाळी लागला. शिफारसपात्र उमेदवारांच्या यादीत तिचं नाव होतं, नायब तहसीलदार म्हणून. माझं नव्हतं.

ती तेव्हा गावी होती. मी अभ्यासिकेच्या जिन्यात बसून मेसेज लिहिला : "अभिनंदन गं! तू डिझर्व्हच करतेस. माझं काय, माझं नशीबच फुटकं. आता पार्टी हवी मॅडम!" पाठवायच्या आधी परत वाचला आणि लाज वाटली. चार वाक्यांत मी माझं रडगाणं घुसवलं होतं, आणि नशिबाचा उल्लेख करून तिच्या यशालाही हळूच नशीब ठरवलं होतं. 'मॅडम' शब्दात तर सरळ टोमणा होता. चार वर्षांत मी तिला कधी मॅडम म्हटलं नव्हतं.

तुम्हाला खोटं वाटतंय ते बहुतेक अशाच कुठल्यातरी शब्दामुळे. वाईट वाटत असताना आनंद होणं खोटं नसतं. मला त्या संध्याकाळी दोन्ही होत होतं. पण 'मला खूप खूप आनंद झाला' असं लिहिलं असतं तर ते माझ्या त्या वेळच्या मनापेक्षा मोठं झालं असतं, आणि ते तिने लगेच ओळखलं असतं. म्हणून मी स्वतःच्या भावनेबद्दल काही न लिहिता तिच्याबद्दल जे डोळ्यांनी पाहिलं होतं तेवढंच लिहिलं :

"यादीत तुझं नाव दोनदा वाचलं. पहाटे गच्चीवर फेऱ्या मारत पाण्याच्या वहीतली उत्तरं मोठ्याने म्हणायचीस, ते आठवलं. आईंना माझा नमस्कार सांग. माझं झालं नाही, हे तुला कळलंच असेल. त्यावर आज काही बोलू नकोस, आजचा दिवस घरच्यांबरोबर घालव. रविवारी मीच फोन करते."

यातली शेवटची वाक्यं मला सगळ्यांत महत्त्वाची वाटतात. ज्याचं झालं त्याचीही त्या दिवशी कोंडी होते. फोन करावा तर मिरवल्यासारखं, न करावा तर विसरल्यासारखं. नंतर तिने सांगितलं की ती निकाल लागल्यापासून माझा नंबर काढून बसली होती. माझं झालं नाही हे मीच एका ओळीत सांगून टाकलं आणि सांत्वनाचं ओझं तिच्यावरून काढून घेतलं, म्हणून तिला मोकळेपणाने रडता आलं. स्वतःचा उल्लेख अजिबातच टाळला असता तर ती तेच शोधत बसली असती. एक ओळ पुरे, दुसरी नको.

पाण्याच्या वहीबद्दल सांगते, कारण खरं अभिनंदन मला तिथे करता आलं. जत म्हणजे सांगली जिल्ह्याचा दुष्काळी पूर्व भाग, म्हैसाळ योजनेच्या पाण्याची वर्षानुवर्षं वाट बघणारा. मुलाखतीत तालुक्याबद्दल विचारणार हे उघड होतं. तिने एक दोनशेपानी वही केली आणि गावातल्या माणसांना विचारून त्यात लिहून काढलं : टँकरसाठी ग्रामपंचायतीचा ठराव कसा जातो, पाहणीला कोण येतं, मंजुरी कुठे अडकते, चारा नसला की कोण जनावरं विकतं. मॉक मुलाखतीत एका निवृत्त अधिकाऱ्यांनी विचारलं, "टंचाईत रुजू झालात, पहिल्या दिवशी काय कराल?" तिची भंबेरी उडाली. त्या रात्री ती जेवली नाही, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा मॉकला गेली. मी मात्र एका मॉकनंतर गेलेच नाही. लोकांसमोर चुकायची मला भीती वाटायची.

हे सगळं मला निकालाच्या दिवशी इतकं स्पष्ट दिसत नव्हतं. दिसलं ते गुणपत्रकं आली तेव्हा. मुख्यला मला ४३४, तिला ४२८. मुलाखतीत तिला ५७, मला ४३. बेरीज तिची ४८५, माझी ४७७, आणि माझ्या प्रवर्गाचा कट-ऑफ ४८१. लेखी परीक्षेत मी तिच्या सहा गुणांनी पुढे होते! अभ्यासिकेतल्या एकीने लगेच म्हटलं, "तिला पॅनल चांगलं मिळालं, बाकी काही नाही." खरं सांगते, ते ऐकून मला गार वाटलं. दोन दिवस मी तेच मनात घोळवत होते. पॅनलमुळे दोन-चार गुणांचा फरक पडतोही, हे या परीक्षेत असलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. पण चौदा गुणांचा हिशेब लावायला बसले की ती वही आणि मी चुकवलेले मॉक समोर यायचे.

रविवारी फोनवर मी तिला तेच सांगितलं. "लेखीला मी पुढे होते, मुलाखतीने तू गेलीस, आणि ती मुलाखत तू कमावलीस. मी तिथे कमी पडले." बोलताना घशात आलं होतं. पण एवढं बोलल्यावर पुढे तिचं प्रशिक्षण, पोस्टिंग, गावातला सत्कार यांबद्दल मी मनापासून विचारू शकले. जे कौतुक करताना सर्वांत जास्त टोचतं, ते टाळून बाकी कितीही गोड लिहिलं तरी हातचं राखल्यासारखं वाटतं, लिहिणाऱ्यालाही आणि वाचणाऱ्यालाही.

म्हणून तुम्हाला विचारते : चार वर्षांत तिने केलेली आणि तुम्ही न केलेली अशी एक गोष्ट कोणती? तुम्हाला ती माहीत असणार, कारण ती फक्त तुम्हीच जवळून पाहिली आहे. ती मेसेजमध्ये लिहा, नावानिशी, प्रसंगानिशी. लिहून झाल्यावर तिच्या जागी दुसऱ्या कुणाचं नाव घालून बघा. मेसेज तसाच चालत असेल तर अजून तिच्याबद्दल काही लिहिलेलंच नाही. 'नशीब', 'पॅनल', 'कट-ऑफ' हे शब्द आले असतील तर काढून टाका. प्रवर्गाचा तर चुकूनही उल्लेख नको. तो विषय मनात ठेवून केलेलं अभिनंदन तिला आयुष्यभर सलेल.

सत्काराला बोलावलं आणि जाववत नसेल, तर जाऊ नका, आणि खोटं कारणही सांगू नका. "आत्ता गर्दीत येणं जमणार नाही, पुढच्या महिन्यात घरी येते" एवढं तिला पुरेल. मी गेले होते, पण तोवर तीन आठवडे उलटले होते.

मेसेज मात्र आजच पाठवा. एक दिवस गेलाच आहे. ती तुमच्या मेसेजची वाट बघत असेल.