ऑप्शन नसलेल्या गणितात गोल काळे करण्याआधी

अरे, ऑप्शन असले की चुकलेलं उत्तर बऱ्याचदा त्यात सापडत नाही आणि आपण सावध होतो, एकेक आकड्याचा गोल काळा करून उत्तर भरायच्या ग्रिडमध्ये मात्र काहीही भरता येतं. कॉलेज रोडला क्लासला असताना मी असाच फसलो. ताशी ७२ किमीने जाणारी गाडी, ब्रेकने वेग दर सेकंदाला ४ मी/से कमी होतो, तर किती मीटरवर थांबेल? वेगाचा वर्ग भागिले ४ ची दुप्पट, म्हणून मी ७२ चा वर्ग भागिले ८ करून ६४८ भरून मोकळा! आता सांग, मुंबई नाक्याला ब्रेक मारल्यावर गाडी अर्ध्या किलोमीटरच्या पुढे जाऊन थांबते का? ७२ म्हणजे २० मी/से, ४०० भागिले ८, ५० मीटर. आणि चार रकाने असतील तर ५० कुठल्या रकान्यांत, पुढे शून्य भरायचे का, ते पेपरवरच्या सूचनेत बघ, नाहीतर ५००० व्हायचं.